पोरगं बिघडलं, की घरचंच शिकलं?

पत्र : "आमचं घर सासऱ्यांपासून एकाच पक्षाचं. मिस्टर तालुक्याला पदाधिकारी आहेत, निवडणुकीत आमच्या ओसरीवर रोज शंभर-शंभर माणसांचा चहा होतो. मुलगा १९ वर्षांचा, पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर राहतो. यंदा गणपतीला आला आणि आरती झाल्यावर पक्षाच्या चार माणसांदेखत वडिलांना म्हणाला, 'तुमच्या पक्षाला मी मत देणार नाही.' तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मिस्टर म्हणतात, मित्रांनी आणि मोबाईलनं पोरगं नासवलं, होस्टेल बंद करून घरी आणतो. धाकटी दहावीला आहे, तो तिलाही रील पाठवतो. मला राजकारणातलं काही कळत नाही. त्याला परत घरच्या विचारावर कसं आणायचं?"
(एक आई, सातारा जिल्हा)

ताई,

आधी त्या चहाचं बोलू. ओसरीवर शंभर माणसं बसायची तेव्हा कपांचा ट्रे कोण फिरवायचं? माझा अंदाज आहे, तुमचा मुलगा. आठ-दहा वर्षांचं पोर ट्रे घेऊन फिरतं, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं आणि त्याचं मात्र सगळ्यांकडे असतं. कोणत्या वाडीत किती मतं पडतील, कोण नाराज आहे, कुणाला रात्री भेटायचं, मागच्या वेळी कोण शब्द देऊन फिरला, हे सगळं त्यानं ऐकलं. त्यातून तो दोन गोष्टी शिकला. एक, आपला पक्ष हा. दुसरी, राजकारण ही चार माणसांत मोठ्यानं बोलायची गोष्ट आहे आणि ज्याला मत असतं त्याला ओसरीवर मान असतो. मिस्टरांना वाटतं, पहिली गोष्ट तो विसरला. मला वाटतं, तो दुसरी फार नीट शिकला. आरतीनंतर चार माणसांदेखत बोलणं हे होस्टेलचं शिक्षण नव्हे, ते तुमच्या ओसरीचं आहे.

हे मी केवळ गंमत म्हणून लिहीत नाही. कॉलेजात मी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, आणि मुलांची राजकीय मतं कुठून येतात या प्रश्नावरचा एक अभ्यास मला फार आवडायचा. १९६५ साली अमेरिकेत केंट जेनिंग्ज आणि रिचर्ड नीमी या दोन अभ्यासकांनी ९७ शाळांमधल्या शेवटच्या वर्षाच्या १,६६९ मुलामुलींना त्यांच्या राजकीय मतांबद्दल विचारलं. हुशारी अशी केली की आई-वडिलांना वेगळं बसवून तेच प्रश्न विचारले. म्हणजे मुलगा सांगतो 'वडिलांचं मत असं आहे' आणि आपण ते मान्य केलं, असं नाही. वडिलांच्या तोंडून वडिलांचं, मुलाच्या तोंडून मुलाचं. मग त्याच मुलांना १९७३, १९८२ आणि १९९७ साली पुन्हा गाठलं. अठराव्या वर्षी पकडलेली माणसं पन्नाशीपर्यंत सोडली नाहीत.

पहिल्याच फेरीत काय दिसलं? शंभरातली साठेक मुलं आई-वडिलांच्याच पक्षाच्या गटात होती. थेट समोरच्या पक्षात गेलेली सुमारे सातच. बाकीची बहुतेक मधल्यामध्ये, कुठल्याच पक्षाची नाही म्हणणारी. हे आकडे मिस्टरांना सांगितले तर ते म्हणतील, बघा, घरचंच चालतं, आमचं पोरगं त्या सातांत कसं गेलं? थांबा. पक्षाचं नाव सोडून अभ्यासकांनी जेव्हा विचारांचे प्रश्न विचारले, म्हणजे न पटणाऱ्या माणसाला जाहीर बोलू द्यावं का, रीतसर निवडून आलेल्या कम्युनिस्टाला पदावर बसू द्यावं का, तेव्हा आई-वडील आणि मुलं यांच्यातलं साम्य जवळजवळ उरलंच नाही. घरानं मुलांना पक्षाचं नाव दिलं होतं, विचार दिला नव्हता. कारण साधं आहे. पक्षाचं नाव घरात रोज घेतलं जातं. विचार कोण बसून सांगतं?

तुमच्याच घरातलं आठवून बघा. 'आपण अमक्यांचे' हे वाक्य मुलानं हजारदा ऐकलं असेल. 'आपण अमक्यांचे का' हे वाक्य कितीदा? सासऱ्यांच्या वेळी गावाला पाझर तलाव झाला असेल, एखाद्याला कारखान्यात चिकटवलं असेल, अडचणीत कुणी उभं राहिलं असेल. ती कारणं सासऱ्यांना माहीत होती. मिस्टरांना अर्धी माहीत असतील. मुलाकडे आलं ते फक्त नाव आणि बॅनरवरचे फोटो. नुसतं नाव होस्टेलच्या एका रात्रीच्या वादात टिकत नाही.

आता तुमच्या मिस्टरांना न पटणारी गोष्ट. याच जुन्या नोंदी घेऊन एलियास दिनास या अभ्यासकानं २०१४ साली एक उलटा प्रश्न विचारला. कोणत्या घरची मुलं पुढे घरचा पक्ष सोडतात? आपल्याला वाटेल, जिथे राजकारणाचं वातावरणच नाही तिथली. निघालं वेगळंच. ज्या घरांत राजकारण खूप चालतं तिथली मुलं लहानपणी आई-वडिलांची मतं जास्त घट्ट उचलतात, आणि घर सोडल्यावर तीच जास्त सोडतातही. कारण त्यांना राजकारणाची गोडी लागलेली असते. नव्या ठिकाणी गेल्यावरही ती त्याच गप्पांत जाऊन बसतात, आणि तिथे त्यांना घरी कधीच न ऐकलेलं ऐकायला मिळतं. ज्याला राजकारणात रस नाही तो मुलगा होस्टेलवर क्रिकेट बघत बसतो आणि चार वर्षांनी वडिलांचं मत जसंच्या तसं घेऊन परत येतो.

एक खुलासा करते, नाहीतर तुम्हाला वाटेल अमेरिकेची मापं साताऱ्याला लावते. तिथे पक्ष दोन आणि पिढ्यान् पिढ्या तेच. आपल्याकडे पक्ष फुटतात, चिन्ह बदलतं, नेता एका रात्रीत पलीकडे जातो. शिवाय आपल्याकडे घरचं मत नुसतं घरचं नसतं, त्यात भावकी येते, जात येते, सोसायटीचं कर्ज येतं, उसाची तोड वेळेवर मिळणं येतं. त्यामुळे ते आकडे इथे जसेच्या तसे धरू नका. पण मतं घरातून मुलाकडे कशी जातात आणि कुठे गळतात, ती वाट मला माझ्या वर्गातल्या मुलांत वर्षानुवर्षं तशीच दिसली आहे.

मित्रांचं काय, हे विचाराल. मित्रांचा परिणाम होतोच, त्यात मिस्टर चुकत नाहीत. फक्त तो कसा होतो हे त्यांना चुकीचं वाटतंय. यावरची सगळ्यांत जुनी आणि सुंदर नोंद बेनिंग्टन नावाच्या कॉलेजची आहे. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात, शहरापासून लांब, नुकतंच निघालेलं मुलींचं छोटं कॉलेज. मुली बड्या घरच्या, घरं जुन्या वळणाची. शिकवणारे तरुण, सुधारणावादी. थिओडोर न्यूकम हे प्राध्यापक तिथेच शिकवायचे. १९३६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांनी मुलींचा कल विचारला. पालकांपैकी साधारण दोन तृतीयांश रूझवेल्टविरोधी उमेदवार लँडन यांच्या बाजूचे होते. पहिल्या वर्षाच्या मुलींतही ६२ टक्के लँडनकडे, म्हणजे घरचं मत घेऊनच आलेल्या. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींत मात्र लँडनचे पाठीराखे जेमतेम १५ टक्के.

मिस्टर म्हणतील, हेच तर मी म्हणतोय! पण न्यूकमनी पुढे जाऊन बघितलं की कोण बदललं आणि कोण नाही. ज्या मुलींना कॉलेजात मान मिळाला, ज्यांना इतर मुली पुढारी म्हणून निवडायच्या, त्या जास्त बदलल्या. ज्या मैत्रिणींत मिसळल्या नाहीत किंवा ज्यांचा जीव सगळा घराकडे होता, त्या फारशा बदलल्या नाहीत. म्हणजे कुणी त्यांना धरून शिकवणी घेतली, पटवलं, असं झालं नाही. त्या ठिकाणी चांगलं माणूस म्हणून ओळखलं जायचं असेल तर मत कसं असावं लागतं, हे त्यांनी टिपलं. सोबत्यांचा परिणाम होतो तो असा, मानाच्या भुकेतून. तुमचा मुलगा ओसरीवरच्या मानाची चव घेऊन मोठा झालेला आहे. होस्टेलवर तो तोच मान शोधणार, आणि तिथला मान तिथल्या चलनात मिळतो.

आणि टिकतं का हे? न्यूकमनी पंचवीस वर्षांनी त्या बायकांना पुन्हा शोधलं. पुढे १९८४ साली इतरांसोबत आणखी एकदा. बहुतेकींची कॉलेजातली मतं टिकली होती. ज्यांचे नवरे आणि मैत्रिणी त्याच विचारांच्या होत्या त्यांची जास्त टिकली. जेनिंग्जच्या अभ्यासातही असंच दिसतं. १९६५ ते १९७३ या काळात, म्हणजे मुलं अठरा ते सव्वीस वर्षांची होताना, मतं सगळ्यांत जास्त हलली. त्यात व्हिएतनामचं युद्ध होतं, काळ्या लोकांची नागरी हक्कांची चळवळ होती. त्यानंतर ती बऱ्यापैकी बसली. तुमच्या मुलाचं मत आत्ता कुठे हलायला लागलंय. आज तो जे म्हणतोय तेच सत्ताविसाव्या वर्षी म्हणेल असं नाही, आणि तो परत तुमच्या पक्षात येईलच असंही मी सांगू शकत नाही. 'परत कसं आणायचं' याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण परत आणायचं ठिकाणच आता जागेवर नाही. अठराव्या वर्षापर्यंत त्याच्याकडे होतं ते वडिलांनी दिलेलं पक्षाचं नाव होतं. आता जे होईल ते त्याचं असेल, मग ते कोणत्याही पक्षाचं असो.

म्हणून होस्टेल बंद करण्याचं खूळ मिस्टरांच्या डोक्यातून आधी काढा. त्यानं काय होईल ते मी एका घरात पाहिलंय, नाव सांगत नाही. मुलगा परत आला, घरात राहिला, जेवला, झोपला, मतदानालाही वडिलांबरोबर गेला. फक्त त्याचं मत आता वडिलांवरच्या रागाला बांधलं गेलं. विचार बदलायला निदान कारणं तरी लागतात, रागाला तीही लागत नाहीत. फी, खोलीभाडं, मेस हे पैसे शिक्षणाचे आहेत. ते मताशी जोडू नका, तोंडानंसुद्धा नाही.

पण मिस्टरांची बाजूही घेते, कारण पत्रात त्यांची बाजू कुणी मांडलेली नाही. त्यांना मुलाच्या मताचा जितका त्रास झाला त्याहून त्या चार माणसांचा झाला. तालुक्याच्या पुढाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात उभं राहायचं असतं. 'घरचं एक मत सांभाळता येत नाही आणि निघालेत गावाची सांभाळायला' हे वाक्य कुणी बोलायच्या आधीच त्यांना ऐकू आलं असणार. मुलानं बोललं ते बोलायचा त्याला हक्क होता, पण जागा आणि वेळ त्यानं चुकवली, आणि हे त्याला तुम्ही सांगायला हवं. वडिलांनी नव्हे, तुम्ही. 'तुझं मत तुझ्यापाशी. पण पप्पांना लोकांत खाली पाहायला लावलंस, ते मला आवडलं नाही,' एवढंच. त्यात पक्षाचा विषय काढू नका.

दोघांत समेट करायचा असेल तर विचारांचा करू नका, वागण्याचा करा. मी सुचवेन ती बोली अशी. मुलगा गावच्या, भावकीच्या आणि वडिलांच्या ओळखीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पक्षाविषयी काही टाकणार नाही, पाहुण्यांदेखत विषय काढणार नाही. बदल्यात वडील त्याला 'मत कुणाला' हे विचारणार नाहीत, ना थेट, ना मित्रांकरवी. मतदान गुप्त असतं ते गावातल्या दादा लोकांपासून, तसंच बापापासूनही. घरी दोघांनी हवं तेवढं भांडावं, जेवताना सोडून. ही बोली दोघांनाही थोडी टोचेल. ती टोचली नाही तर एकाचाच फायदा झाला असं समजा.

मतावरून आठवलं, त्याचं नाव मतदार यादीत आहे का, आणि कुठे? माझ्या अनुभवात 'मी यांना मत देणार नाही' असं ठणकावणाऱ्या निम्म्या पोरांचं नावच यादीत नसतं. नमुना ६ भरायचा असतो. आता वर्षाला चार अर्हता दिनांक आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, त्यामुळे अठरा पूर्ण झाल्यावर वर्षभर थांबावं लागत नाही. आणि सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो, म्हणजे धाकटीलाही लवकरच करता येईल. होस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरच्या पत्त्यावर किंवा शिकतो तिथल्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं, दोन्हीकडे नाही. ही निवड त्याला करू द्या. गावात नाव ठेवलं तर ग्रामपंचायतीला मत देईल, आणि तिथे त्याला पक्षाऐवजी पाणीपुरवठ्याचा विचार करावा लागेल. ते त्याच्या भल्याचं आहे.

त्याचं मत त्याचं स्वतःचं आहे की कुणाचं उचललेलं, हे ओळखायची एक साधी युक्ती सांगते. रीलमध्ये येतं त्या विषयावर विचारू नका, त्यावर त्याचं उत्तर पाठ असणार. गावातलं काहीतरी विचारा. 'आपल्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं, टाकी तर नवी झाली. काय करायला पाहिजे?' किंवा, 'उसाचं बिल लांबतं, त्यात चूक कुणाची?' जो मुलगा दोन मिनिटं थांबून 'टाकीचं माहीत नाही, पण वीजबिल थकलंय म्हणतात, विचारून सांगतो' म्हणतो, त्याच्या डोक्यात विचाराची जागा तयार झालेली आहे. जो तिथेही पाच सेकंदांत राष्ट्रीय नेत्याचं नाव घेऊन मोकळा होतो, त्यानं एक पाठांतर टाकून दुसरं धरलंय. गंमत अशी की हाच प्रश्न मिस्टरांनाही विचारून बघा. उत्तर सारखंच आलं तर बाप-लेक वाटतात तितके लांब नाहीत.

काळजी कुठे करायची, तेही सांगते, थोडक्यात. पक्ष बदलला याची नाही. एखाद्या समाजाबद्दल, जातीबद्दल, धर्माबद्दल तो माणसांऐवजी किड्यांसारखं बोलायला लागला, लेक्चरं बुडवून कुणाच्या तरी गाडीवर झेंडा लावून फिरायला लागला, पोस्ट टाकायचे किंवा जमावात उभं राहायचे पैसे मिळायला लागले, तर त्या दिवशी पुण्याला जा. गुन्हा नोंदवला गेला की चारित्र्य पडताळणीत, पासपोर्टला, सरकारी नोकरीला पोरगं अडकतं आणि ज्यानं पुढे केलं तो फोन उचलत नाही. मिस्टरांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. त्यांच्याही पक्षात पोरं अशीच पुढे केली जातात.

आता धाकटी. तिच्या रीलवर बंदी घालू नका, तिचं दहावीचं पुस्तक उघडा. 'इतिहास व राज्यशास्त्र' असं नाव आहे. त्यात राज्यशास्त्राचे पाच धडे, संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी, आणि लोकशाहीसमोरची आव्हानं. आपण सगळ्यांनी हा विषय गुणांसाठी केला आणि विसरलो. मी स्वतः शिकवणारी असून सांगते, बहुतेक मुलांच्या मतांवर याचा काही परिणाम होत नाही. याच विषयावर लँगटन आणि जेनिंग्ज यांनी १९६८ साली लिहिलंय. गोऱ्या मुलांना नागरिकशास्त्राच्या तासानं फारसा फरक पडत नव्हता, कारण त्यातलं सगळं त्यांनी घरी आणि आजूबाजूला आधीच ऐकलेलं होतं. काळ्या मुलांत मात्र फरक दिसला, कारण त्यांच्या वाट्याला ते आधी आलेलं नव्हतं. शाळा कुणाला काही देऊ शकते? ज्याला ते दुसरीकडून मिळालेलं नाही त्याला.

तुमच्या मुलाला ते ओसरीवर मिळालं. मुलीला मिळालं का? ट्रे तिच्या हातात दिला होता, की ती स्वयंपाकघरात कप विसळत होती? मला विचाराल तर तुमच्या घरात बिघडलेलं कुणी नाही, पण राजकारणाच्या खोलीबाहेर ठेवलेल्या दोघीजणी आहेत. भाऊ तिला रील पाठवतो म्हणजे या घरात पहिल्यांदा कुणीतरी तिला राजकारणाबद्दल काही विचारण्याजोगी समजलं. रील भंगार असेल, पण ती पोचली ती या रिकाम्या जागेमुळे.

आणि दुसरी तुम्ही. 'मला राजकारणातलं काही कळत नाही' हे तुमचं वाक्य. यावर मी तुम्हाला घरचीच एक गोष्ट सांगते. १९७७ ची लोकसभा निवडणूक, आणीबाणीनंतरची. मी सतरा वर्षांची, मतदानाचं वय तेव्हा एकवीस, ते अठरा व्हायला १९८९ उजाडलं. आमचे वडील काँग्रेसचे, आजोबांपासून. थोरला भाऊ बावीस वर्षांचा, कॉलेजातून जनता पक्षाचा होऊन आला. मतदान करून दोघं घरी आले तेव्हा भावाच्या बोटाची शाई अजून ओली होती, वडिलांनी त्या बोटाकडे पाहिलं आणि पेपर तोंडासमोर धरला. त्यानंतर कितीतरी महिने ते एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. 'त्याला सांग, जेवायला ये.' 'त्यांना सांग, येतो.' आई मध्ये वाढत असायची. तिला कुणी काही विचारलं नाही, ती काही बोलली नाही. वडील गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, भाजी निवडता निवडता, ती मला म्हणाली, "त्या वर्षी मी पण तिकडेच दिलं होतं. माझ्या मावसभावाला आत टाकला होता ना." राजकारणातलं तिला काही कळत नाही असं आम्ही सगळे समजत होतो, भाऊ धरून.

जेनिंग्जच्या अभ्यासातलं एक पान मी म्हणूनच नेहमी वर्गात वाचून दाखवायची. आई आणि वडील यांची मतं वेगळी असतील तर मुलं कुणाकडे जातात? सगळ्यांचा अंदाज वडील. निघालं असं की मुलांचा कल आईकडे थोडा जास्त, मुलींचा तर विशेष. मुलं नुसती ऐकतात असं नाही, घरात कोण कुणाशी कसं वागतं आणि ज्याचं पटत नाही त्याला जेवायला वाढलं जातं का, हेही बघतात. आणखी एक. २०१५ साली ओहेदा आणि हातेमी यांनी दाखवलं की निम्म्याहून जास्त मुलं आई-वडिलांचा पक्ष एकतर चुकीचा ओळखतात, किंवा ओळखूनही घेत नाहीत. आपल्या घरी कुणाचं काय मत आहे हे मुलांना माहीत असतं, हे आपण उगाच गृहीत धरतो. तुमच्या मुलाला वडिलांचं मत माहीत आहे, ते बॅनरवर छापलेलं आहे. तुमचं माहीत आहे का? मिस्टरांना तरी?

मुलांकडून मोठी माणसं राजकारण शिकतात, हेही होतं. १९९४ साली कॅलिफोर्नियात सॅन होजे इथल्या शाळांतून मुलांना निवडणुकीचा अभ्यास दिला, घरी जाऊन त्यावर बोलायला सांगितलं. मॅकडेव्हिट आणि चॅफी या अभ्यासकांना दिसलं की ज्या घरांत राजकारणावर कधी बोलणं होत नव्हतं त्या घरांतले आई-वडील मुलांच्या प्रश्नांना उत्तर द्यावं लागतं म्हणून पेपर वाचायला, बातम्या बघायला लागले. गरीब घरांत हे जास्त झालं. बोलणं पोरांनी सुरू केलं आणि शिकले आई-बाप.

दिवाळीत मुलगा घरी येईल. फराळाचं झाल्यावर, मिस्टर बाहेर गेलेले असताना, मुलीला ते पुस्तक घेऊन बसवा आणि राजकीय पक्षांचा धडा मोठ्यानं वाचायला सांगा. मुलगा मध्ये तोंड घालणारच, ओसरीवरचा आहे तो. घालू द्या. मुलीला म्हणा, तो सांगतोय ते पुस्तकात आहे का बघ. मग तुम्ही एक प्रश्न विचारा, तुम्हाला खरोखर पडलेला. लग्न होऊन या घरात आलात त्या वर्षापासून तुम्ही मत देत आलात. पहिल्या वेळी बूथवर कुणी नेलं, काय सांगून नेलं, आत पडद्यामागे गेल्यावर हात कुठे गेला, हे मला कळवू नका. पण मुलांनी विचारलं तर त्यांना सांगायचं की नाही, ते आताच ठरवून ठेवा. मुलगी विचारेल असं मला वाटतं.